अर्णवच्या रजेबाबत वर्गशिक्षिकांना पत्र

दि. १६ फेब्रुवारी २०२६
विश्रामबाग, सांगली

प्रति,
वर्गशिक्षिका, इयत्ता ३ री, तुकडी ब

विषय : कांजिण्या झाल्यामुळे अर्णवला रजा मिळण्याबाबत, आणि वर्गातल्या मुलांच्या काळजीबाबत.

आदरणीय बाई, सविनय नमस्कार.

अर्णवला कांजिण्या झाल्या आहेत. शनिवारी रात्री झोपताना त्याचा सदरा काढला तर पाठीवर आणि पोटावर सात-आठ लाल पुरळ दिसले. डास चावले असतील असं वाटलं. रविवारी सकाळी त्यातल्या काहींवर पाण्याचा थेंब बसावा तसे बारीक फोड आले होते, आणि केसांतही दोन-तीन सापडले. महाशिवरात्र म्हणून हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला जायची तयारी झाली होती, ते रद्द करून त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी बघताक्षणी कांजिण्या असल्याचं सांगितलं. ताप आज सकाळी १०१ होता, पण तो खातोय, पाणी पितोय. काळजीचं कारण नाही.

काळजी मला वर्गातल्या इतर मुलांची आहे, म्हणून नुसता रजेचा अर्ज न पाठवता हे पत्र लिहिते आहे. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या दुसऱ्याला लागू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे शुक्रवारी आणि शनिवारी अर्णव शाळेत होता, तेव्हाच संसर्ग सुरू झालेला असणार. एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. शनिवारी सकाळी त्याचं अंग जरा कढत लागत होतं. शिवजयंतीच्या पोवाड्याचा सराव बुडेल म्हणून तो रडायला लागला, आणि मी तापाचं औषध देऊन त्याला पाठवलं. तसं करायला नको होतं. त्याबद्दल मी आपली आणि वर्गातल्या पालकांची मनापासून माफी मागते.

यात सगळ्यात तातडीची गोष्ट म्हणजे, सरावाला पेटी वाजवायला ज्या बाई होत्या त्यांना दिवस गेले आहेत. त्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या नसतील किंवा लस घेतलेली नसेल, तर त्यांनी आजच्या आज आपल्या डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात हा आजार आईला जड जाऊ शकतो, बाळालाही धोका असतो. त्यावर देता येण्यासारखं इंजेक्शन असतं, पण ते संसर्गानंतर थोड्याच दिवसांत द्यावं लागतं, म्हणून उशीर नको. वर्गात ज्या मुलीचे मोठ्या आजाराचे उपचार चालू आहेत, तिच्या आईलाही आपण कृपया आजच फोन करावा. आपल्याला तिचं सगळं माहीत आहे, माझ्याकडे त्यांचा नंबर नाही.

बाकीच्या पालकांना आपण वर्गाच्या ग्रुपवर कळवलंत तरी चालेल. अर्णवचं नाव सांगायला आमची काहीच हरकत नाही. उलट नाव कळलं तर खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या त्याच्या दोन्ही मित्रांच्या आणि व्हॅनमधल्या मुलांच्या घरी नीट लक्ष ठेवता येईल. संसर्ग झाल्यावर पुरळ दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात. म्हणजे कुणाला लागण झालीच असेल, तर ती साधारण २३ फेब्रुवारी ते ७ मार्च या दिवसांत दिसेल. तोवर मूल ठणठणीत वाटलं म्हणून निर्धास्त राहू नये, रोज आंघोळीच्या वेळी पाठ-पोट बघावं. आणखी एक कळवा : मुलाला ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घरच्या घरी देऊ नये. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

आम्हाला वाटतं, त्याला हे तासगावहून लागलं. १ तारखेला तिथे नात्यात साखरपुडा होता. तिथल्या एका मुलाला दुसऱ्या दिवशी कांजिण्या निघाल्या, हे आम्हाला काल फोन केल्यावर कळलं. आधी समजलं असतं तर आम्ही सावध राहिलो असतो. अर्णवला लशीचा पहिला डोस सव्वा वर्षाचा असताना दिला होता. दुसरा कोरोनाच्या दिवसांत मागे पडला आणि मग राहूनच गेला. ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते, त्यामुळे पुष्कळ घरांत ती राहून जाते. एका डोसमुळे आजार सौम्य राहील असं डॉक्टर म्हणाले, पण इतरांना लागायचा धोका असतोच.

घरी त्याला मागच्या खोलीत वेगळं ठेवलंय. मला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात, म्हणून त्याच्याजवळ मीच असते. सासूबाईंनी अंथरुणावर कडुलिंबाचा पाला घातलाय आणि घरात फोडणी बंद केली आहे. त्यांच्या मते आंघोळही घालायची नाही, पण डॉक्टरांनी रोज कोमट पाण्याने घालायला सांगितल्यावर त्यांनीच स्वतः पाणी तापवून दिलं. खाज फार सुटते. नखं अगदी मुळापासून कापलीत, तरी रात्री झोपेत हात जातोच, म्हणून हातात त्याचे शाळेचे पांढरे मोजे घालून झोपवते. त्याच्या धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी कालच लस दिली. ती आपल्याच शाळेत बालवर्गात आहे. लस दिली तरी तिला त्रास होणारच नाही असं सांगता येत नाही, म्हणून ७ मार्चपर्यंत तिलाही घरीच ठेवणार आहोत. तिच्या बाईंना वेगळी चिठ्ठी देते आहे.

अर्णवला शाळेत कधी पाठवायचं हे तारखेवर नाही, फोडांवर ठरणार आहे. नवीन फोड येणं थांबून सगळ्यांवर कोरडी खपली धरली की संसर्गाची भीती राहत नाही. त्याला पुरळ उठल्यापासून पाच-सात दिवस लागतात. तेव्हा सोमवार, दि. २३ फेब्रुवारीला तो येईल असा अंदाज आहे. एक जरी ओला फोड राहिला तर नाही पाठवणार. येताना डॉक्टरांचा दाखला सोबत देईन. तेव्हा चेहऱ्यावर खपल्या आणि डाग असतील. मुलं त्याला चिडवणार नाहीत किंवा दूर बसवणार नाहीत, एवढं आपण आधी वर्गात समजावून सांगावं ही विनंती.

गुरुवारी पोवाड्यात त्याच्या जागी जो मुलगा उभा राहील, त्याच्यासाठी एक सांगायचं राहिलं. शनिवारी सरावात अर्णवने जो जिरेटोप घातला होता, तो धुऊन उन्हात वाळवून मगच दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावा. अर्णवला पोवाडा पूर्ण पाठ आहे, काल तापातही पुटपुटत होता. त्या दिवशी कार्यक्रमाचं चित्रण फोनवर पाठवलंत तर त्याला फार बरं वाटेल.

अभ्यासाच्या वह्या इकडून तिकडे नकोत. रोजच्या गृहपाठाचा फोटो पाठवावा, ताप उतरला की मी करून घेईन. चाचणी बुडाली तर ती नंतर घेता येईल का, ते सवडीने कळवावं. हे पत्र मी पुढच्या खोलीत बसून लिहिलंय आणि त्याचे बाबा ते शाळेच्या फाटकावर आणून देतील. त्यांनाही कांजिण्या होऊन गेल्या आहेत.

पेटीच्या बाईंशी आपलं बोलणं झालं की मला एक मेसेज करा. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

आपली विश्वासू,
सुजाता
(अर्णवची आई)