प्रोबेशन पूर्ण झाल्याचं आणि कन्फर्मेशनचं पत्र

सांवेर रोड, इंदूर
1 एप्रिल 2026

प्रिय वैदेही,

तुझं सहा महिन्यांचं प्रोबेशन काल, 31 मार्चला संपलं आणि आजपासून तू आपल्या बॉक्स फॅक्टरीत डिस्पॅच कोऑर्डिनेटर म्हणून पर्मनंट आहेस. अभिनंदन! वकिली भाषेतलं पत्र मला जमत नाही, म्हणून बोलतो तसंच लिहितोय, पण हेच ऑफिशियल पत्र आहे, जपून ठेव.

आधी पैशांचं. पगार आजपासून महिना 20,500 रुपये. 21,000 च्या आत आहे म्हणून ईएसआयसी चालू राहील, पीएफ आधीपासून कापतोच आहोत. वर्षाला 12 सीएल आणि 15 ईएल. नोटीस आता सात दिवसांऐवजी एक महिन्याची, दोन्ही बाजूंनी.

आता कामाचं. तू आलीस 1 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, नमकीनवाल्यांचे फोन दर पाच मिनिटाला, प्रत्येकाला माल आजच हवा, आणि त्यात नवीन माणूस, मला वाटलं होतं पोरगी आठवड्यात पळणार. तू पळाली नाहीस, उलट कुणाचा माल लेट होणार ते पार्टीला आधीच फोन करून सांगायला लागलीस. आपल्याकडे रीत अशी की पार्टी ओरडेपर्यंत "बस निघालीच गाडी" म्हणायचं, ती तू मोडलीस. सुरुवातीला मला धास्ती होती की ऑर्डरी तुटतील, तुटल्या नाहीत.

नागपूरची गाडी बैतूलच्या पुढे बंद पडली ती रात्र तर मी विसरणार नाही. ट्रान्सपोर्टवाल्याकडून दुसरी गाडी मिळवलीस इतपत कुणीही केलं असतं, पण माल पलटी करून ती गाडी हलायच्या आत ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये नवा नंबर टाकलास आणि सकाळी उठल्या उठल्या नागपूरच्या काकांना मराठीत समजावलंस की माल दुपारी येईल, कामगारांना सकाळी बोलवू नका. त्यांनी नंतर मला फोन केला, तक्रारीसाठी नाही, मुलगी कुठली म्हणून विचारायला. रंगपंचमीच्या गेरीमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद राहणार हे धरून तिकडचा माल आदल्या दिवशीच पोचवलास, तेही मला कुणी सांगितलं नव्हतं, बिल्टी बघून कळलं.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हे सगळं तुझ्या डोक्यात आणि तुझ्या मोबाईलमध्ये आहे. जानेवारीत तू दोन दिवस तापाने पडलीस तेव्हा कुठली गाडी कुठे आहे ते इथे कुणालाच सांगता येईना, शेवटी तुलाच पांघरुणातून फोन घ्यावा लागला. ती काय कौतुकाची गोष्ट नाही. म्हणून पुढच्या वर्षातलं पहिलं टार्गेट हेच, जूनपर्यंत रोजची गाडी, बिल्टी नंबर, ई-वे बिलाची मुदत आणि माल मिळाल्याची सही, सगळं एका शेअर्ड शीटवर. मुदत विशेषकरून, 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, नागपूरला पुरतो पण गाडी अडकली की संपायला वेळ लागत नाही. आणि गोडाऊनमधल्या राजूला हे इतकं शिकव की गणपतीत तू चार दिवस सुट्टी घेतलीस तर तुला एकही फोन येऊ नये. सुट्टी खरंच घ्यायची आहे बरं का, हेही टार्गेटमध्येच धर.

दुसरं, कॉस्टिंग शीक. दर शनिवारी दुपारी माझ्यासोबत बस. पाच प्लायच्या बॉक्सला तीन सपाट कागद आणि दोन फ्लूटचे, फ्लूटचा कागद लाटेमुळे लांबीला जास्त लागतो, जीएसएम बदललं की वजन आणि भाव दोन्ही बदलतात, हे हातात बसलं की पार्टी "पाच पैसे कमी करा" म्हणाली तर फोन माझ्याकडे फिरवावा लागणार नाही. दिवाळीच्या आधी साध्या बॉक्सचं कोटेशन तू एकटीने काढावंस असं मला वाटतं.

तिसरं जरा नाजूक आहे. उधारी मागताना तुझा आवाज बसतो. लेट मालाचं तू बिनधास्त सांगतेस, मग लेट पैशांचं का नाही? सियागंजच्या पार्ट्या गोड बोलून महिनोन्महिने लटकवतात हे तूही बघितलंस. 45 दिवसांच्या वर गेलेल्या बिलांची लिस्ट अकाउंट्सकडून दर सोमवारी घे आणि स्वतः फोन कर. कुणी उलट बोललं तर मी आहे.

पावसाळ्यात ओल्या मालाच्या तक्रारी येतीलच, त्या तुझ्यावर नाहीत, ताडपत्रीचा बंदोबस्त मी करतोय. फक्त गाडी निघताना फोटो काढून ठेव.

ऑक्टोबरमध्ये एकदा बसून बघू काय झालं काय राहिलं, पगाराचा पुढचा विचार एप्रिल 2027 ला. यातलं काही पटत नसेल तर सही करायच्या आधी बोल, नंतर कुरकुर नको. पटलं तर दुसऱ्या कॉपीवर सही करून शुक्रवारपर्यंत अकाउंट्सला दे, म्हणजे नवा पगार याच महिन्यात लागेल.

तुझा,
अविनाश दादा
(मालक)