मंडळाला द्यायची चिठ्ठी

काकू, तुमची इंग्रजी चिठ्ठी मराठीत केली. शब्दाला शब्द ठेवला नाही. 'काइंडली रिड्यूस'चं 'कृपया आवाज कमी करावा' केलं की ते सोसायटीच्या फळ्यावरच्या सूचनेसारखं वाटतं. ५५ डेसिबलची आणि २००० सालच्या नियमांची ओळही गाळली. आकडा बरोबर आहे, रहिवासी भागात दिवसा तेवढीच मर्यादा आहे. पण ही मुलं रात्री दहाला न सांगता स्पीकर बंद करतात. त्यांना पहिल्याच चिठ्ठीत कायदा दाखवला तर मनं दुखावतील. आजींचं तुम्ही एका ओळीत उरकलं होतं, ते मात्र नीट लिहिलंय. आरतीला जाताना हातातच द्या, मी सोबत येते.

॥ श्री ॥

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

मंडळाच्या सगळ्या मुलांना,

गणपती बाप्पा मोरया!

मी ए विंगमधली, पहिल्या मजल्यावरची काकू. यंदाची शाडूची मूर्ती फार देखणी आहे. काल प्रसादाचे मोदक घरी आणून दिलेत, सासूबाईंनी मागून दुसरा खाल्ला.

त्यांच्यासाठीच लिहितेय. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, हरतालिकेच्या आदल्या दिवशी घरी आणलं. रात्री झोप लागत नाही, दुपारी दोन ते चार काय तो डोळा लागतो. खांबावरच्या स्पीकरचं तोंड नेमकं त्यांच्या खिडकीकडे आहे. गाणं सुरू झालं की काच थरथरते, मांडणीतली ताटं वाजायला लागतात. काल त्या दचकून उठल्या आणि कितीतरी वेळ छातीवर हात धरून बसल्या.

तेवढा एक स्पीकर रस्त्याच्या बाजूला वळवता येईल का? बेसही थोडा उतरवा, भिंतीतून येतो तो तोच. आणि दोन ते चार गाणी बंद ठेवलीत तर फार बरं होईल. तुमच्यापैकी कोणी दुपारी वर येऊन त्यांच्या खोलीत पाच मिनिटं बसलात, तर आवाज कितपत ठेवायचा ते तुम्हालाच कळेल.

आरतीचा आवाज मात्र कमी करू नका. साडेसात वाजले की त्या स्वतःच खिडकी उघडायला सांगतात आणि पलंगावर बसून टाळ्या वाजवतात.

उद्या रविवारी आरतीनंतरचा प्रसाद आमच्याकडून. आमच्या केरळात कोट्टारक्कराच्या गणपतीला उण्णिअप्पमचा नैवेद्य असतो: तांदळाचं पीठ, गूळ आणि केळं घालून तळलेले छोटे गोड अप्पे. किती जणांसाठी करू, तेवढं आज रात्री सांगा.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची काकू