धुणंभांडी, केर-फरशी, सिंहगड रोड : 5 पैकी साडेचार

आम्ही या महिनाअखेर घर बदलतोय, त्यामुळे मावशींचा सकाळी साडेसात ते नऊ हा टाइम 1 तारखेपासून मोकळा होणार आहे आणि सोसायटीतल्या तीन-चार जणींनी मला विचारलं कशा आहेत, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आमच्याकडे तीन वर्षं दोन महिने काम केलंय त्यांनी, म्हणजे आठवड्याभराच्या अनुभवावर लिहीत नाहीये.

आधी वेळेचं बोलू, कारण त्यांच्या नावावर कुणीतरी एक स्टार देऊन "सारख्या दांड्या" असं लिहिलंय. मला सवय आहे कॅलेंडरवर फुली मारायची, म्हणून बसून मोजलं. गेल्या वर्षी एकूण 33 दिवस आल्या नाहीत. त्यातल्या 24 म्हणजे महिन्याला दोन या आमच्या ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या, पाच दिवस मुलीच्या बाळंतपणाला गावी, ते पंधरा दिवस आधी सांगून आणि बदली बाई स्वतः लावून देऊन. न सांगता राहिलेले दिवस वर्षात चार. आता चार दिवसांना सारख्या दांड्या म्हणायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा, ऑफिसात माझ्या याच्यापेक्षा जास्त होतात. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि एकतानगरीत होड्या आल्या ना, त्या दिवशी मावशींच्या घरात पण पाणी शिरलेलं, तरी सकाळी सहाला फोन करून सांगितलं की आज जमणार नाही. मी तो दिवस सुट्टीत धरलेलाच नाही. एक खरं आहे की पावसाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं उशीर होतो, बस मिळत नाही, तेव्हा ज्यांना घड्याळ लावून आठला घराबाहेर पडायचंय त्यांनी हे आधीच बोलून घ्या. वेळेला साडेचार.

काम : भांड्यांना पाचपैकी पाच, काही प्रश्नच नाही. मिक्सरच्या भांड्याचं खालचं रबर काढून धुणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही, कुकरच्या शिट्टीत अडकलेलं वरण पण काडीने काढतात. फरशी पुसताना हॉल झाला की पाणी बदलतात, न सांगता, आणि पलंग ओढून खालचं पुसतात (दर शनिवारी, रोज नाही, रोज अपेक्षा पण करू नये). डस्टिंग मात्र यथातथाच, टीव्हीच्या मागे आणि पंख्यावर हात जात नाही, पण ते आमच्या पगारात ठरलेलंच नव्हतं, मीच मधूनमधून "तेवढं पुसा ना" करत राहायचे. पंखे-जाळ्या हव्या असतील तर वेगळे पैसे ठरवा, मग छान करतात, दिवाळीला केलं होतं. एकदा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीने घासला गेला, नवा होता, वाईट वाटलं. पण घासणी आणि स्पंज दोन्ही एकाच डबीत ठेवणारी मीच. कामाला साडेचार.

बोलणं-सांगणं : लिहिलेली चिठ्ठी ठेवू नका, व्हॉइस नोट पाठवा, उत्तर हमखास येतं. पाच कामं एका दमात सांगितली तर एक राहतं, दोन-दोन सांगा. काही फुटलं तर तुकडे लपवत नाहीत, ओट्यावर ठेवून सांगतात. खटकलेली गोष्ट मात्र लवकर बोलत नाहीत, आमचा पगार दोनदा 10 तारखेपर्यंत लांबला तर महिनाभर काही नाही आणि मग एक दिवस भांडी घासताघासता, "ताई, भाडं पाच तारखेला द्यावं लागतं मला." लाज वाटली. तेव्हापासून 1 तारीख. इथे चार देते, एक मार्क कापायला आमचाही हात आहे.

पैशांचं त्यांच्याशीच बोला, मी आमचा आकडा इथे लिहीत नाही कारण मग सगळे तिथूनच खाली ओढतात. फक्त आमचं जे चालू होतं ते सांगते, दिवाळीला एक पगार, दरवर्षी वाढ, आणि चहा त्यांना वेगळ्या कपात नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला आमच्याकडे काम करतात असं लिहून दिलंय, पुढे कुणाकडे मागितलं तर द्या प्लीज, आपल्याला एका सहीशिवाय काही लागत नाही.

हे सगळं टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. डस्टिंगचं ऐकून हसल्या, तव्याचं काढू का विचारलं तर म्हणाल्या "राहू द्या, घासला तर मीच." नंबर वॉचमनकाकांकडे द्यायला त्यांनी हो म्हटलंय. फोन दुपारी दोननंतर करा, त्याआधी हात ओले असतात.