आप्पांच्या त्या फोटोबाबत विनंती

सर्वांना नमस्कार. आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोतला चेहरा उचलून तो गॉगल लावलेल्या, बुलेटवर बसलेल्या एका पैलवानाच्या धडावर चिकटवलेला फोटो रविवारपासून या ग्रुपवर फिरतो आहे, तो कृपया आता कोणीही पुढे पाठवू नये. करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी जाणतो. खरे सांगायचे तर पहिल्यांदा पाहून मलाही हसू आले होते.

परंतु काल संध्याकाळी देवळाच्या पारावर कोणीतरी तोच फोटो आप्पांपुढे धरून "बुलेट कधी घेतलीत?" असे विचारले, तेव्हा ते काही न बोलता घरी आले आणि जेवताना आईला एवढेच म्हणाले, "कपाळावरचं गंध तरी पुसायचं होतं."

ज्यांनी तो इथे टाकला, त्यांनी आजच सर्वांसाठी डिलीट करावा. कोणाला ते जमले नाही तर ॲडमिन म्हणून मी काढून पाहीन. मात्र इतर ग्रुपवर गेलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत, म्हणून तिथल्या प्रती ज्याने त्याने स्वतः काढाव्यात आणि स्टेटसवरूनही तो उतरवावा. आप्पांकडे हा विषय, माफीसाठीसुद्धा, फोनवरून काढू नये. रविवारी प्रत्यक्ष यावे.