कोथरूड, पौड रोड: 2 बीएचके भाड्याने (घरमालकांकडून थेट, ब्रोकरेज नाही)

भाडे महिना 24,000 रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स त्यातच धरलेला आहे. डिपॉझिट 75,000. घर 1 तारखेपासून रिकामं आहे. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी घरात असेल, तर हा मुद्दा आधी विचारात घ्या.

कार्पेट एरिया 530 चौरस फूट. जुन्या खरेदीखतात 700 लिहिलंय, पण त्यात भिंती आणि जिन्याचा वाटा धरलेला आहे, म्हणून तो आकडा इथे देत नाही. टेप लावून मोजलेली मापं अशी: हॉल 10 बाय 15, स्वयंपाकघर 8 बाय 9, बेडरूम 10 बाय 11 आणि 9 बाय 10. लहान बेडरूममध्ये डबल बेड मावतो, पण मग कपाटासाठी एकच भिंत उरते. एक अटॅच्ड बाथरूम, एक कॉमन.

या घरातली सगळ्यात छान जागा म्हणजे पूर्वेची बाल्कनी. सकाळी दहापर्यंत तिथे ऊन असतं, तुळस आणि कढीपत्ता जोमाने वाढतो, धुतलेले कपडे पावसाळा सोडला तर दुपारपर्यंत वाळतात. बाल्कनीसमोर इमारत आहे, टेकडी दिसत नाही. एआरएआयची टेकडी बघायची असेल तर गच्चीवर जावं लागतं. गच्ची सगळ्यांना खुली आहे.

मोठ्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यात ओल आली होती. मे महिन्यात बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि आतून पुट्टी-रंग करून घेतलाय. हा पावसाळा अजून अंगावर पडायचा आहे, त्यामुळे ओल येणारच नाही असं लिहू शकत नाही. आली तर दुरुस्तीचा खर्च आमचा. डिपॉझिटमधून एक रुपयाही कापणार नाही, हे करारात लिहून देऊ. त्या भिंतीचा फोटो बाकीच्या फोटोंसोबत टाकला आहे. सगळे फोटो याच महिन्यात, दिवसाच्या उजेडात, साध्या मोबाइलवर काढलेत.

पाणी महापालिकेचं, सकाळ-संध्याकाळ येतं, सोसायटीची टाकी आहे. एप्रिल-मे मध्ये टँकर मागवावा लागला, तर त्याची वर्गणी भाडेकरूकडे असते. स्वयंपाकाला पाइपचा गॅस. विजेचं मीटर स्वतंत्र आहे, बिल वापराप्रमाणे तुम्ही भरायचं. इन्व्हर्टर नाही. आतल्या बेडरूममध्ये मोबाइलची रेंज कमी मिळते, घरून काम करणाऱ्यांनी भेटीच्या वेळी आपल्या फोनवर तपासून पाहावं.

घरात काय मिळेल: तीन पंखे, ट्यूबलाइट, दोन्ही बाथरूममध्ये गीझर, ओट्याखाली ट्रॉल्या, मोठ्या बेडरूममध्ये भिंतीतलं कपाट. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, सोफा नाही. घर सेमी-फर्निश्ड म्हणतात त्यातलंच. पार्किंग झाकलेलं आहे, पण फक्त एका दुचाकीचं. चारचाकी गल्लीत लावावी लागते आणि रात्री नऊनंतर जागा मिळणं अवघड असतं.

आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशन चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. डेक्कनला तिथून तिसरं स्टेशन, सिव्हिल कोर्टला लाइन बदलून स्वारगेट किंवा पिंपरीकडे जाता येतं. हिंजवडीला मात्र चांदणी चौकातून जावं लागतं आणि सकाळी तिथे गाड्यांची रांग असते. रोज तिकडे जाणाऱ्यांना बाणेर-बालेवाडीकडे राहणं जास्त सोयीचं होईल. भाजी, किराणा, दवाखाना, इस्त्रीवाला सगळं गल्लीतच आहे. गणपतीत शेजारच्या मंडळाचा मांडव कोपऱ्यावर असतो, ते दहा दिवस आवाज होतो. एरवी रात्री शांत असतं.

कुटुंब असो, एकत्र राहणारे नोकरदार असोत किंवा शिकणाऱ्या मुली, आम्हाला सगळे चालतील. जातीची, धर्माची किंवा खाण्यापिण्याची अट नाही. मांजर-कुत्रं असेल तर आधी सांगा, सोसायटीकडे नोंद करावी लागते. चारपेक्षा जास्त माणसं राहू नयेत, कारण पाणी त्या बेतानेच येतं.

करार 11 महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्स, रीतसर नोंदणी करूनच. कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, म्हणून मुद्रांक शुल्क (साधारण 700 रुपये) आणि नोंदणी फी 1,000 रुपये आम्ही भरू. पोलीस पडताळणीसाठी आधार, फोटो आणि नोकरीचा किंवा कॉलेजचा पुरावा लागेल. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. भाडं 11 महिने तेच राहील, पुढचा करार झाला तर पाच टक्के वाढ.

घर बघायला शनिवारी संध्याकाळी 5 ते 7 किंवा रविवारी सकाळी 9 ते 12 या वेळेत या. शक्यतो रविवारी सकाळी या, ऊन आणि पाण्याचा दाब दोन्ही बघता येतील. इथेच मेसेज करा, त्यात किती जण राहणार आणि कधीपासून हवंय तेवढं लिहा. घर बघितल्याशिवाय टोकन मागणार नाही आणि घेणारही नाही. घर गेलं की त्याच दिवशी ही पोस्ट काढून टाकू.