छपाईतील चुकांबाबत

मा. व्यवस्थापक, मुद्रणालय
स.न.वि.वि.

आईच्या ओव्यांच्या पुस्तकाच्या 300 प्रती काल मिळाल्या. पान 9, ओळ 4 : ‘जातं’चा अनुस्वार गळून ‘जात’ छापलंय, जात्यावरच्या ओवीचा अर्थच गेला. पान 22, ओळ 7 : ‘सासुर’चं ‘असुर’. पान 41, ओळ 2 : ‘पिता’ऐवजी ‘चिता’. हे वाचून आईने पुस्तक मिटून ठेवलं. मी सही केलेल्या प्रुफात तिन्ही शब्द बरोबर आहेत. प्रत सोबत जोडली आहे.

शिवाय 26 प्रतींत 17 ते 32 पानांचा फॉर्म दोनदा बांधलाय, 33 ते 48 पानं नाहीतच.

शुद्धिपत्र चालणार नाही. चुकलेले फॉर्म स्वखर्चाने पुन्हा छापून सर्व प्रती नव्याने बांधून द्याव्यात. तोवर उरलेले 8,000 रुपये देणार नाही. आईचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम 20 तारखेला आहे, 17 पर्यंत प्रती हव्यात.

आपला ग्राहक