सूक्ष्मपाठ टाचण: प्रश्न कौशल्य, घटक तापी नदी (सहाध्यायी निरीक्षण तक्त्यासह)

छात्राध्यापिका: हजेरी क्रमांक 23, गट ब
विषय: भूगोल, इयत्ता नववी
कौशल्य: प्रश्न कौशल्य (भर शोधक प्रश्नांवर)
घटक: तापी नदी पश्चिमेकडे का वाहते?
स्थळ: कॉलेजचा मेथड रूम, अमळनेर
वर्ग: गटातले सहा जण विद्यार्थी, दोघी निरीक्षक, मेथडच्या मॅडम
साहित्य: महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा, खडू, मोबाइलचे स्टॉपवॉच

वेळेची आखणी

पाठ 6 मिनिटे, प्रत्याभरण 6, पुनर्नियोजन 12, पुनर्पाठ 6, पुनर्प्रत्याभरण 6. एकूण 36. दुसऱ्या फेरीत विद्यार्थी बदलायचे, म्हणजे गट अ चे सहा जण आत येतील. त्याच सहा जणांसमोर पुन्हा तेच विचारले तर उत्तरे तयारच मिळतात आणि कौशल्य सुधारले की वर्गाला पाठ झाले, ते कळत नाही.

निवड अशी का

सहा मिनिटांत पंधरा प्रश्न बसवता येतात, पण मग सगळे प्रश्न नावे-गावे विचारणारेच होतात. म्हणून मी मुख्य प्रश्न एकच ठेवला आहे. आधीचे तीन प्रश्न त्याची तयारी करतात, नंतरचे त्याच उत्तराच्या मागे लागतात. घटकही आपल्या दारातला घेतला. तापी सगळ्यांनी पाहिली आहे, चांगदेवला पूर्णेशी होणारा तिचा संगमही गटातल्या निम्म्या लोकांनी पाहिला असेल. ती उलट दिशेने का जाते, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

पाठाचा ओघ

प्र. 1. (नकाशावर बोट ठेवून) तापीचा उगम कोठे होतो?
अपेक्षित: मध्य प्रदेशात, मुलताईजवळ.

प्र. 2. तिथून ती कोणकोणत्या राज्यांतून जाते?
अपेक्षित: मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात. सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते.

प्र. 3. गोदावरी कोणत्या दिशेने वाहते?
अपेक्षित: पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे.

प्र. 4 (मुख्य). त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र साधारण 80 किलोमीटर. तरी गोदावरी तिकडे जात नाही. मुलताईहून तोच समुद्र कितीतरी लांब, तरी तापी तिकडेच जाते. असे का होत असेल?

इथे थांबायचे. मनात एक, दोन, तीन, चार मोजायचे. नकाशाकडे पाहायचे, वर्गाकडे टक लावून नाही. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात, हे मेरी बड रो यांच्या अभ्यासातून समोर आले आहे. वाचायला सोपे, पण वर्गासमोर तीन सेकंद अंगावर येतात. म्हणून आकडे मोजायचेच.

पुढचे प्रश्न उत्तर काय येते त्यावर ठरतील:

"माहीत नाही" आले तर सूचक प्रश्न: खानदेशच्या उत्तरेला कोणता डोंगर? (सातपुडा.) दक्षिणेला? (सातमाळा-अजिंठ्याची रांग.) मग मधला पट्टा कसा असेल?

"उतार तिकडे आहे" आले तर अधिक माहिती: बरोबर. पण दख्खनचा बाकीचा उतार पूर्वेकडे असताना इथलाच वेगळा कशामुळे?

"समुद्र तिकडे आहे म्हणून" आले तर पुनर्केंद्रीकरण: मग गोदावरीला तो जवळ असून ती तिकडे का गेली नाही? (हे उत्तर हमखास येणार. त्याला चूक म्हणायचे नाही, हाच प्रश्न पुढे करायचा.)

कोणी अर्धे उत्तर दिले तर पुनर्निर्देशन: तोच प्रश्न, शब्द न बदलता, मागच्या बाकाला.

खचदरीचे उत्तर, म्हणजे जमिनीला पडलेल्या भेगांमधला पट्टा खचला आणि नदीला तो तयार मार्ग मिळाला, हे वर्गाकडून आले तर उत्तम. पाचव्या मिनिटापर्यंत नाहीच आले, तर फळ्यावर दोन उभ्या रेषा आणि मधला खचलेला भाग काढून "आता सांगा" म्हणायचे. मी स्वतः सांगायचे नाही.

शेवटचा, चिकित्सक प्रश्न: गिरणा आणि पांझरा सह्याद्रीच्या बाजूने येतात, गोदावरीही त्याच बाजूने. मग त्या गोदावरीला न मिळता तापीला का मिळतात?

विद्यार्थी झालेल्यांपैकी कोणी अहिराणीत उत्तर दिले तर आशय घ्यायचा आणि पुढे जायचे. खऱ्या वर्गात तसेच होणार आहे.

सहाध्यायी निरीक्षण तक्ता

0 ते 6 गुणांच्या तक्त्यात सगळ्यांना 4 मिळतात, कारण मैत्रिणीला 2 कोण देणार? म्हणून या तक्त्यात गुण नाहीत. पहिली निरीक्षक फक्त मोजते, दुसरी फक्त शब्द लिहून घेते. पहिल्या फेरीचा भरलेला तक्ता:

| काय मोजले | नोंद |
|---|---|
| एकूण प्रश्न | 11 |
| हो-नाहीत संपणारे | 2 |
| प्रश्न पुन्हा उच्चारला | 3 |
| विद्यार्थ्याचे उत्तर पुन्हा उच्चारले | 5 |
| स्वतःच उत्तर दिले | 1 |
| तीन सेकंदांपेक्षा कमी थांबली | 7 |
| पुढच्या बाकाला / मागच्या बाकाला / सगळ्यांना एकदम | 8 / 2 / 1 |
| सूचक प्रश्न | 2 |
| अधिक माहिती | 1 |
| पुनर्केंद्रीकरण | 1 |
| पुनर्निर्देशन | 0 |
| चिकित्सक प्रश्न | 0 |

दुसऱ्या निरीक्षकेने लिहिलेले:

"2:10 ला मुख्य प्रश्न विचारलास. दोन सेकंदांत 'म्हणजे उताराचा काही संबंध असेल का?' असे जोडलेस. तिथेच प्रश्नाचा जीव गेला, सगळे 'हो' म्हणाले.

3:05 ला मागच्या बाकावरून 'तापी मावयतीकडे वाहस, समुद्र तिकडेच शे' आले. त्यावर गोदावरीचा प्रश्न टाकलास. सगळ्यात चांगली जागा ही. तो पाच सेकंद गप्प बसला, तू पण गप्प बसलीस, आणि मग तो म्हणाला, 'मधे डोंगर शे का?'

त्याला 'शाब्बास' म्हणून पुढच्या बाकाकडे वळलीस. त्याच्यापाशी अजून होते, काढले नाहीस.

उत्तर पुन्हा म्हणायची सवय बघ. पाच वेळा. पोरे एकमेकांचे ऐकणे सोडतात, तुझेच ऐकतात.

गिरणेचा प्रश्न राहिला. वेळ पहिल्या तीन प्रश्नांत गेला, 1:50 पर्यंत."

मॅडमची ओळ: "प्रश्नांची भाषा नेमकी आहे. प्र. 4 मात्र एका दमात ऐकायला लांब आहे. तोडा."

पुनर्नियोजन

प्र. 1 आणि 2 काढून टाकले. उगम आणि राज्ये नकाशावर दाखवून मीच अर्ध्या मिनिटात सांगेन, ती विचारण्यासारखी गोष्ट नव्हतीच.

मुख्य प्रश्न फळ्यावर दोन ओळींत लिहीन: "गोदावरी: समुद्र जवळ, तरी उलटी. तापी: समुद्र लांब, तरी तिकडेच." आणि तोंडाने दोनच शब्द: "का बरं?" लिहून झाल्यावर खडू ठेवून हात रिकामे करायचे. खडू हातात असला की मी बोलायला लागते.

"मधे डोंगर आहे का" असे काही आले की त्याच विद्यार्थ्याला: "कुठे? येऊन दाखव." मग दुसऱ्याला: "या डोंगराच्या दक्षिणेला पडलेला पाऊस कोणत्या नदीत जाईल? उत्तरेला पडलेला?" गिरणेचा प्रश्न यातूनच निघतो, वेगळा काढायची गरज नाही.

पुनर्पाठाला निरीक्षक त्याच दोघी, पण कामे अदलाबदल करून. मोजायच्या ओळी तीनच: थांबण्याचा वेळ, उत्तराची पुनरुक्ती, मागच्या बाकाला गेलेले प्रश्न. पुनर्पाठ 11:40 ला सुरू, गट अ ने नकाशा न पाहता आत यावे.